कानबाईच्या गाण्याची एलआरसी फाइल

प्रश्न: आईचं कानबाईचं गाणं कॅसेटवरून मोबाइलवर घेतलंय. गाणं वाजताना बोल पडद्यावर दिसावेत म्हणून एलआरसी फाइलमध्ये ते अहिराणीत टाइप केले, प्रत्येक ओळीपुढे १:०५ अशी वेळ टाकली, पण प्लेयरमध्ये ओळी सरकत नाहीत. वेळा दुसऱ्या मोबाइलवरच्या कॉपीवरून घेतल्यात. काय चुकतंय?

उत्तर: ताई, आधी आकडे बदला. बोल देवनागरीतच राहू द्या, पण वेळ इंग्रजी आकड्यांत आणि चौकटी कंसात हवी. मराठी कीबोर्डवर टाइप केलेला १ प्लेयरच्या लेखी अक्षर असतो, म्हणून तो सगळी ओळ नुसता मजकूर समजतो.

```
[ti:कानबाईचं गाणं]
[00:12.50][01:05.00]पालुपद
[00:20.00]पहिलं कडवं
[00:48.00]
```

मिनिटं, सेकंद आणि टिंबापुढे सेकंदाचे शंभरावे भाग, असा हा क्रम. साडेबारा सेकंद म्हणजे `12.50`. `12.05` लिहिलंत तर ओळ जवळजवळ अर्धा सेकंद आधी येईल. आपल्या गाण्यांत पालुपद सारखं परत येतं, ते दरवेळी लिहू नका. त्याच ओळीपुढे सगळ्या वेळा लावा. बहुतेक प्लेयर हे समजतात, एखाद्याने नाही समजलं तर ओळ वेगवेगळी लिहा. कडवं संपून नुसती ढोलकी वाजते तिथे रिकामी वेळ टाका, नाहीतर आधीचीच ओळ पडद्यावर अडकून राहते.

फाइल सेव्ह करताना एन्कोडिंग `UTF-8` निवडा, नाहीतर अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसतील. नाव गाण्याच्या फाइलचंच ठेवा: `kanbai.mp3` असेल तर `kanbai.lrc`, आणि दोन्ही एकाच फोल्डरमध्ये. नोटपॅड गुपचूप `kanbai.lrc.txt` करून ठेवतो, तेवढं तपासा.

आता तुमच्या बाबतीतली खरी अडचण. कॅसेटच्या दोन कॉपी वेगवेगळ्या टेपवर वाजवून केल्या असतील तर त्यांचा वेग सारखा नसतो. पहिली आणि शेवटची ओळ ऐकून बघा. दोन्हीकडे फरक सारखाच असेल, समजा ओळ दीड सेकंद उशिरा दिसते, तर वर `[offset:1500]` टाका. हा आकडा सेकंदाच्या हजाराव्या भागात असतो आणि अधिक असला की बोल लवकर दिसतात. काही प्लेयर तो मानतच नाहीत, म्हणून एकदा वाजवून बघाच.

फरक वाढत जात असेल तर मात्र ऑफसेट कामाचा नाही. समजा दोन्ही कॉपी गाण्याच्या सुरुवातीला जुळतात, पण तुमच्या यादीत ४:०० ला असलेली ओळ तुमच्या फाइलमध्ये ४:०६ ला ऐकू येते. २४० सेकंदांचे २४६ झाले, म्हणजे प्रत्येक वेळ १.०२५ ने गुणायची. १:२० म्हणजे ८० सेकंद, त्याचे झाले ८२, म्हणून `[01:22.00]`. असं सगळ्या ओळींचं करा आणि मधली एखादी ओळ वाजवून पडताळा. तीही जुळली नाही तर टेपचा वेग मध्येच बदललेला आहे. मग तेवढ्या भागाच्या वेळा तुमच्या फाइलवरूनच नव्याने घ्याव्या लागतील.