मुदत कर्जाची पहिली नोंद आणि पहिला हप्ता

प्रश्न: दुकानासाठी बँकेकडून पाच लाखांचं कर्ज घेतलं, १२ टक्के, ३६ हप्ते. ५ जूनला खात्यात ४,९४,१०० च आले. टॅलीत कर्ज किती दाखवू? आणि ५ जुलैला १६,६०७ चा हप्ता कापला, तो पूर्ण कर्ज खात्यात टाकायचा का?

उत्तर:

कर्ज पूर्ण ५,००,००० रुपयेच दाखवावे, आणि हप्ता पूर्णपणे कर्ज खात्यात टाकू नये. मी इंदूरमध्ये व्यापाऱ्यांचे हिशेब लिहितो आणि कर्जाच्या बाबतीत एकच कसोटी लावतो: तुमच्या वहीतील कर्ज खात्याची बाकी आणि बँकेच्या कर्ज खाते उताऱ्यातील बाकी एकाच तारखेला सारखी असली पाहिजे. बँक तुमच्याकडून ५,००,००० चे मुद्दल वसूल करणार आहे; हातात कमी रक्कम आली म्हणून देणे कमी होत नाही.

कमी आलेले ५,९०० रुपये म्हणजे १ टक्का प्रक्रिया शुल्क, ५,००० रुपये, आणि त्यावरील १८ टक्के जीएसटी, ९०० रुपये, असे असावेत. मंजुरीपत्र आणि बँकेचे कर बीजक पाहून याची खात्री करून घ्यावी. नोंद मी दोन भागांत करतो. पहिल्या, म्हणजे Receipt व्हाउचरमध्ये बँक खाते नावे ४,९४,१०० आणि कर्ज खाते जमा ४,९४,१००. त्यामुळे बँकेची ओळ पासबुकाशी जशीच्या तशी जुळते. त्याच तारखेच्या Journal व्हाउचरमध्ये प्रक्रिया शुल्क नावे ५,०००, इनपुट सीजीएसटी नावे ४५०, इनपुट एसजीएसटी नावे ४५० आणि कर्ज खाते जमा ५,९००. बीजक मध्य प्रदेशच्या जीएसटी क्रमांकावरून निघाले असेल तरच हे दोन भाग होतात. ते दुसऱ्या राज्यातून आले असेल तर ९०० रुपये आयजीएसटीत जातील. तुमची जीएसटी नोंदणी नसेल किंवा तुम्ही कंपोझिशनमध्ये असाल तर कराची वजावट मिळत नाही, म्हणून पूर्ण ५,९०० खर्चात टाकावेत. नोंदणी असेल तर बँकेला तुमचा क्रमांक दिलेला आहे का, हे आधी पाहा, कारण बीजक तुमच्या क्रमांकावर नसेल तर ते GSTR-2B मध्ये दिसणार नाही.

आता हप्ता, ज्याला आमच्याकडचे व्यापारी किश्त म्हणतात. पहिल्या महिन्याचे व्याज पूर्ण ५,००,००० वर लागते: १२ टक्क्यांचा बारावा भाग म्हणजे १ टक्का, अर्थात ५,००० रुपये. उरलेले ११,६०७ मुद्दलात जातात. म्हणून ५ जुलैच्या Payment व्हाउचरमध्ये कर्जावरील व्याज नावे ५,०००, कर्ज खाते नावे ११,६०७ आणि बँक जमा १६,६०७. बाकी ४,८८,३९३ राहते. पुढच्या महिन्याचे व्याज तिच्यावर, म्हणजे ४,८८४, आणि मुद्दल ११,७२३. हप्ता तोच राहतो, पण प्रत्येक महिन्याची विभागणी वेगळी असते, त्यामुळे पहिल्या महिन्याचे आकडे पुढे नकलू नयेत. काही बँका व्याज दिवसांवर मोजतात. तेव्हा स्वतःचे गणित बाजूला ठेवून बँकेच्या परतफेड तक्त्यातील आकडाच घ्यावा. कर्ज महिन्याच्या मध्येच मिळाले असेल, समजा १८ जूनला, आणि बँकेने ५ जुलैपर्यंतच्या १७ दिवसांचे सुमारे २,७९५ रुपये वेगळे घेतले असतील, तर ती रक्कम पूर्ण व्याज आहे; तिने मुद्दल एक रुपयानेही कमी होत नाही.

हे चुकल्यावर काय होते, ते मी सियागंजातील एका व्यापाऱ्याच्या वहीत पाहिले आहे. कर्ज नेमके असेच होते. कर्ज खात्यात जमा केले होते ४,९४,१००, आणि ५ मार्चपर्यंतचे नऊही हप्ते पूर्ण त्याच खात्यात नावे टाकले होते. वहीत बाकी दिसत होती ३,४४,६३७ आणि बँकेच्या उताऱ्यात सुमारे ३,९१,२५९. फरक ४६,६२२ रुपयांचा: ५,९०० शुल्क व कर, आणि बाकीचे ४०,७२२ नऊ महिन्यांचे व्याज. म्हणजे तेवढा खर्च वहीत आलाच नव्हता, नफा फुगला होता, आणि आयकर त्या फुगलेल्या नफ्यावर भरला जाणार होता. चूक सापडली ती फक्त मी बँकेतून कर्ज खात्याचा वेगळा उतारा मागवला म्हणून. चालू खात्याच्या पासबुकावरून ती कधीच सापडली नसती, कारण तिथे प्रत्येक हप्त्याची एकच ओळ असते आणि ती वहीशी तंतोतंत जुळत होती.

तो उतारा तुम्हीही मागवा. त्यात बहुधा व्याज आधी कर्जात वाढवलेले आणि मग पूर्ण हप्ता वजा केलेला दिसेल. तुम्हीही तशीच नोंद केली, म्हणजे Journal मध्ये व्याज नावे ५,००० व कर्ज जमा ५,०००, आणि Payment मध्ये कर्ज नावे १६,६०७, तरी बाकी ४,८८,३९३ च येते. मला हीच पद्धत अधिक पसंत आहे, कारण दोन्ही कागद ओळीला ओळ लावून तपासता येतात.