वीसपैकी वीस आले, तरी पेपरात का चुकतं?

लेकरा,

तू पाठवलेला वहीचा फोटो बघितला. मसाविची वीस गणितं, वीसही बरोबर. आणि खाली तुझी तक्रार, की पोलीस भरतीच्या सरावपेपरात हीच गणितं चुकतात.

अरे, वहीत पानाच्या डोक्यावर तूच ‘मसावि’ लिहिलंयस. तिथं कोणती रीत लावायची हे ठरवायचं कामच उरलं नाही. पेपरात मथळा नसतो. हे बघ: शेत 72 मीटर लांब, 48 मीटर रुंद आहे. त्यात जागा न सोडता सारख्या मापाचे चौरस वाफे पाडायचे, तर कमीत कमी किती पडतील? ‘कमीत कमी’ दिसलं की तू लसावि काढणार, 144. पण 144 मीटरचा वाफा त्या शेतात मावेल का? वाफे कमी हवेत म्हणजे वाफा मोठ्यात मोठा हवा. मसावि 24, म्हणून 3 गुणिले 2, सहा वाफे.

ही पारख गणितं मिसळल्यावरच येते. 2007 साली अमेरिकेत रोहरर आणि टेलर या संशोधकांनी कॉलेजच्या मुलांना चार अनोळखी घनाकृतींचं घनफळ शिकवलं. एका गटाला सराव प्रकारवार दिला, दुसऱ्याला सरमिसळ. सरावात प्रकारवारवाले 89 टक्के बरोबर, सरमिसळवाले 60. आठवड्यानंतरच्या परीक्षेत मात्र प्रकारवारवाले 20 टक्क्यांवर आले आणि सरमिसळवाले 63 वर होते. म्हणून मिसळल्यावर तुझे वीसचे बारा झाले तरी लगेच घाबरून मागं फिरू नको.

पण सगळंच मिसळायचं नाही. तुझं चक्रवाढ व्याज अजून कच्चं आहे, त्यात दुसऱ्या वर्षाचं मुद्दलच चुकतं. तिथं रीतच हाती नाही, मग निवड कशातून करणार? आधी त्याची पाच-सहा गणितं सलग सोडव. आणि गणितानंतर दहा मिनिटं मराठवाडा मुक्तिसंग्राम, मग व्याकरणातले समास, असं फिरलास तर कंटाळा जाईल, एवढंच. मसावि आणि समास यांत गोंधळ कुणाचाच होत नाही, त्यामुळं पारखायला काही नसतं. मिसळायचं ते एकमेकांसारखं दिसणारं: मसावि-लसावि, सरळव्याज-चक्रवाढ, नळ-टाकी आणि काळ-काम.

कुठं काय करायचं ते तुझ्या चुकाच सांगतील. रीत बरोबर निवडली पण ती चालवताना चुकलास, तर तो प्रकार सलग कर. आकडेमोड चोख पण निवडलेली रीतच भलती, तर मिसळ.

उद्या अभ्यासिकेत जुन्या पेपरांतून मसावि-लसाविची बारा गणितं चिठ्ठ्यांवर उतरव आणि डब्यात हलव. चिठ्ठी निघाली की आधी वहीच्या समासात रीत आणि तीच का, ते एका ओळीत लिही. मगच सोडव.

रविवारी लातूरला येशील तेव्हा ती वही आण. उत्तरं राहू दे, मला समास बघायचेत.

तुझा,
सर