ग्रेपवाइन म्हणजे अफवा नव्हे

प्रश्न: व्यवस्थापनाच्या पेपरात ‘ग्रेपवाइन’साठी ‘अफवा’ लिहिले तर चालेल का? आणि ते संप्रेषणाच्या अडथळ्यांत घालायचे की अनौपचारिक मार्गांत?

‘अफवा’ टाळावे आणि ग्रेपवाइनला अनौपचारिक मार्गांतच जागा द्यावी. अफवा हा मजकुराचा प्रकार आहे, तर ग्रेपवाइन ही मजकूर ज्या वाटेने जातो ती वाट आहे. त्या वाटेने खोटी बातमी जाते तशी खरीही जाते, आणि पुष्कळदा नोटीस लागण्याआधीच.

रबाळे औद्योगिक वसाहतीतला एक कारखाना कल्पून पाहा. पहिली पाळी सातऐवजी साडेसहाला सुरू करायची आहे. परिपत्रक टाइप करणारा लिपिक चहाच्या टपरीवर तिघांना ही गोष्ट सांगतो. त्यांपैकी दोघे गप्प राहतात. तिसरा मात्र ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने येणारा असल्यामुळे आपल्या गाडीच्या गटाला लगेच कळवतो, कारण त्यांना आता आधीची लोकल गाठावी लागणार असते. ऐकणारे अनेक, पण बातमी पुढे नेणारे मोजकेच, हीच गुच्छ साखळी. व्यवस्थापनाचे अमेरिकी अभ्यासक कीथ डेव्हिस यांनी १९५३ मधील लेखात तिचे वर्णन केले असून चार प्रकारच्या साखळ्यांपैकी हीच सर्वाधिक आढळते, असे म्हटले आहे. उत्तरात साखळीचे नुसते नाव लिहिण्यापेक्षा असा प्रसंग दोन ओळींत मांडावा.

आता अडथळ्यांकडे येऊ. त्याच कारखान्यात नोटीस अवघड इंग्रजीत लागली आणि वेळ कोणत्या विभागाची बदलली हे कामगारांना उमगले नाही, तर तो भाषिक अडथळा झाला. आणि तो उद्भवला चक्क औपचारिक मार्गावर. कामगारांची नाराजी पर्यवेक्षकाने साहेबांना सौम्य करून सांगितली, तर ती माहितीची गाळणी हाही अडथळाच, आणि तोही औपचारिक मार्गावरच. उलट टपरीवरचे ‘साडेसहा’ संध्याकाळपर्यंत ‘सहा’ झाले, तर अडथळा ठरतो तो विपर्यास, ग्रेपवाइन नव्हे. ‘ग्रेपवाइन हा संप्रेषणातील अडथळा आहे’ हे गाइडांतले लाडके वाक्य म्हणूनच सदोष आहे.

प्रतिशब्दाबाबत माझे मत असे की ‘द्राक्षवेल’ हे शब्दशः भाषांतर मराठी वाचकाच्या मनात काहीच उभे करत नाही. इंग्रजीत त्यामागे एकोणिसाव्या शतकातला ‘ग्रेपवाइन टेलिग्राफ’ हा अमेरिकी वाक्प्रयोग आहे, मराठीत तशी पार्श्वभूमी नाही. पहिल्या उल्लेखात ‘ग्रेपवाइन, म्हणजे कर्णोपकर्णी संप्रेषण’ असे लिहावे आणि पुढे कोणताही एकच शब्द पाळावा.

हल्ली व्हॉट्सॲपला सरसकट अनौपचारिक ठरवले जाते, तेही तपासून घ्यावे. पाळीचे वेळापत्रक अधिकाऱ्याने आपल्या पदाच्या अधिकारात विभागाच्या गटावर टाकले, तर तो औपचारिक संदेशच होय. त्याच वेळापत्रकावर लोकलच्या गटात चाललेली चर्चा मात्र अनौपचारिक.