रिटायरमेंटनंतर रेल्वे क्वार्टर किती दिवस ठेवता येतं?

प्रश्न: बाबा मध्य रेल्वेतून ३० जूनला निवृत्त होतायत. कल्याणला रेल्वे क्वार्टरमध्ये राहतो. बहीण यंदा बारावीला आहे. तिची परीक्षा होईपर्यंत तिथेच राहता येईल का? काका म्हणतात, कोर्टाच्या ऑर्डरशिवाय कोणी बाहेर काढू शकत नाही.

उत्तर: परीक्षा संपेपर्यंत नाही, थोडक्यात हुकतंय. निवृत्तीनंतर पहिले चार महिने नेहमीच्या भाड्यात मिळतात, म्हणजे ३१ ऑक्टोबरपर्यंत. पुढचे चार महिने मुलांचं शिक्षण किंवा घरातलं आजारपण या कारणासाठी, दुप्पट भाड्याने. ते फेब्रुवारीअखेर संपतात आणि बारावीची लेखी परीक्षा मार्चमध्येही चालू असते. बदली झालेल्यांना शाळेचं वर्ष संपेपर्यंत सवलत मिळू शकते, निवृत्तांना आठ महिन्यांपुढे नाही.

बाबांना निवृत्तीआधीच पर्सनल ब्रँचला, म्हणजे रेल्वेच्या कार्मिक विभागाला, लेखी अर्ज करायला सांगा. दुसऱ्या टप्प्यासाठी बहिणीच्या कॉलेजचं बोनाफाईड लागेल. तो अर्ज ऑक्टोबर संपायच्या आत द्या आणि पोच घ्या. तोंडी 'बघू' म्हणजे परवानगी नव्हे.

दुप्पट भाडं खरं तर किरकोळ आहे. पेन्शन नियमांतल्या १६(८) नुसार क्वार्टर ताब्यात असेपर्यंत ग्रॅच्युइटीची पूर्ण रक्कम रेल्वे रोखून ठेवते, परवानगीच्या आठ महिन्यांतसुद्धा. त्याच पैशातून घर घ्यायचा किंवा कर्ज फेडायचा बेत असेल तर तो फेब्रुवारीपर्यंत विसरा. पुष्कळ घरांचं गणित इथेच कोलमडतं, कारण ही गोष्ट आधी कोणी सांगत नाही.

काकांचं म्हणणं जुनं आहे. मुदत संपल्यावर तुमचा ताबा आपोआप अनधिकृत ठरतो, वाटप रद्द केल्याचा वेगळा आदेश लागत नाही. भाड्याऐवजी डॅमेज रेंट सुरू होतं. ते क्षेत्रफळावर लागतं आणि नेहमीच्या भाड्याच्या कित्येक पट असतं. ही रक्कम ग्रॅच्युइटीतून थेट वळती होते, तिथे भागलं नाही तर पेन्शनवरच्या महागाई भत्त्यातून, बाबांची संमती न घेता. घर खाली करून घेण्याचं काम रेल्वेचाच इस्टेट ऑफिसर १९७१ च्या पब्लिक प्रिमायसेस कायद्याखाली करतो, त्याला दिवाणी कोर्टात दावा लावावा लागत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर राहत्या क्वार्टरसाठी कारणे दाखवा नोटिशीला उत्तर द्यायला कामाचे फक्त तीन दिवस मिळतात.

मी तुमच्या जागी असतो तर जानेवारीतच कॉलेजजवळ एखादी खोली भाड्याने बघितली असती. ऐन परीक्षेत सामान हलवण्यापेक्षा ते बरं. सोडताना वीजबिल पूर्ण भरा, आयओडब्ल्यूकडे, म्हणजे क्वार्टरची देखभाल बघणाऱ्या रेल्वेच्या इन्स्पेक्टरकडे, किल्ली देऊन ताबा दिल्याची तारखेसह सही घ्या आणि तो कागद त्याच दिवशी पर्सनल ब्रँचला पोचवा. नुसतं कुलूप लावून निघून गेलात तर कागदोपत्री तुम्ही तिथेच राहताय.