संयुक्त मालकी : कागदावर निम्मी, व्यवहारात एकाचीच

प्रश्न : आमची छोटी संशोधन संस्था आहे. पाण्याची गुणवत्ता मोजणाऱ्या उपकरणासाठी १४ महिन्यांपूर्वी एका मोठ्या संस्थेशी सहकार्य करार केला. त्यांच्याकडे उत्पादन विभाग आहे, आमच्याकडे नाही. करारात आमची कामं पानभर आहेत. त्यांच्याबद्दल फक्त ‘आवश्यक ते सहकार्य करील’. बौद्धिक संपदा ‘संयुक्त मालकीची’ आहे. मुदत ३ वर्षं, पण ३० दिवसांच्या नोटिशीने बाहेर पडायची मुभा त्यांनाच. आता ते म्हणतात, समतोल मसुदा तुम्हीच पाठवा. कुठे काय बदलू?

उत्तर : बौद्धिक संपदेच्या कलमापासून सुरुवात करा. तुमच्या करारात वरकरणी सगळ्यात न्याय्य दिसणारं कलम तेच आहे आणि तेच तुम्हाला सगळ्यात महागात पडेल.

पेटंट अधिनियम १९७० चं कलम ५० असं सांगतं की, वेगळा करार नसेल तर सहमालकांचा हिस्सा समान असतो आणि प्रत्येक जण दुसऱ्याला हिशेब न देता तो शोध स्वतःच्या फायद्यासाठी वापरू शकतो. मात्र तिसऱ्याला परवाना द्यायचा किंवा आपला हिस्सा विकायचा तर दुसऱ्याची संमती लागते. हे तुमच्या परिस्थितीला लावून बघा. ते उद्या उपकरणं बनवून विकायला लागले तर तुम्हाला छदामही देणं लागत नाहीत. तुम्ही स्वतः बनवू शकत नाही, म्हणून एखाद्या उत्पादकाला परवाना द्यायला निघालात, तर त्यांनी नुसतं गप्प बसलं तरी तुमची वाट बंद. पेटंट परदेशातही घेणार असाल तर हे नियम तिथे तसेच असतील असं धरू नका. अमेरिकेत वेगळं ठरलेलं नसेल तर सहमालक दुसऱ्याला न विचारता, एकाधिकार नसलेला परवाना तिसऱ्याला देऊ शकतो. तेव्हा कायद्यावर न सोडता करारातच लिहा.

मी साधारण असं लिहीन : ‘प्रत्येक पक्षाची करारापूर्वीची बौद्धिक संपदा, परिशिष्ट १ मध्ये नोंदवल्याप्रमाणे, त्याचीच राहील. प्रकल्पातील निष्पत्ती ज्या पक्षाच्या व्यक्तींनी निर्माण केली, तिची मालकी त्या पक्षाची. दोन्ही पक्षांच्या व्यक्तींनी मिळून निर्माण केलेली निष्पत्ती संयुक्त मालकीची. संयुक्त निष्पत्तीचा व्यापारी वापर कोणत्याही पक्षाने केल्यास निव्वळ उत्पन्नाचा ठरलेला हिस्सा दुसऱ्यास देय राहील. तिसऱ्या पक्षास परवाना देण्याबाबत लेखी विचारणा झाल्यापासून ३० दिवसांत सकारण नकार न आल्यास संमती गृहीत धरली जाईल.’ हिस्सा किती, ‘निव्वळ’ म्हणजे काय वजा जाता, हे आकड्यात आणि व्याख्येत घाला. परिशिष्ट १ वकिलाकडून भरून घेऊ नका. तुमच्या संशोधकांना बसवा. सेन्सरची रचना करारापूर्वीची असेल तर तारीख असलेल्या नोंदवह्या जोडा, नाहीतर ती कोणी कधी केली हा वाद कधीच मिटत नाही.

जबाबदाऱ्यांसाठी माझी जुनी सवय आहे : मसुद्याच्या एका प्रतीत दोन्ही संस्थांची नावं उलटी करून वाचायची. वाचताना जिथे आपल्यालाच संकोच वाटेल तिथे कलम कललेलं आहे असं समजायचं. ‘सहकार्य करील’ हे काम नव्हे, कारण ते केलं नाही हे सिद्धच करता येत नाही. त्याऐवजी लिहा, ‘दुसरा पक्ष मागणीपासून १५ दिवसांत चाचणीसाठी नमुना उपकरणं देईल, विलंब झाल्यास पहिल्या पक्षाची अहवालाची मुदत तितक्याच दिवसांनी वाढेल.’ हे शेवटचं वाक्य विसरू नका. ते नसेल तर त्यांच्या उशिराचा ठपका तुमच्यावर येतो.

मुदतीचं सांगायचं तर दोघांना सारखेच ३० दिवस दिले की समतोल झाला, असं नाही. प्रकल्पासाठी माणसं तुम्ही नेमली आहेत; महिन्याभरात त्यांचं काय करणार? नोटीस दोघांनाही ९० दिवसांची ठेवा आणि विनाकारण बाहेर पडणाऱ्याने तोवर मंजूर झालेला, टाळता न येणारा खर्च द्यावा असं घाला. गोपनीयता, मालकी आणि उत्पन्नाचा हिस्सा ही कलमं करार संपल्यावरही लागू राहतील, हे कलमांचे क्रमांक देऊन लिहा.

एक गोष्ट बहुतेक जण चुकतात. जुन्या कराराच्या जागी नवा आला की भारतीय करार अधिनियम १८७२ च्या कलम ६२ प्रमाणे जुना पाळण्याची गरज उरत नाही. मग गेल्या १४ महिन्यांत जे तयार झालं ते कोणत्या नियमाने वाटायचं? नव्या करारात स्पष्ट लिहा, की मूळ कराराच्या तारखेपासूनच्या सर्व निष्पत्तीला नवीच कलमं लागू होतील. दरम्यान त्यांनी एखादा पेटंट अर्ज एकट्याच्या नावाने केला आहे का, हे मसुदा पाठवण्याआधी लेखी विचारा. केला असेल तर तो अर्ज दोघांच्या नावावर आणून देण्याची जबाबदारी आणि तारीखही करारातच घालावी लागेल.