उद्याचा तास रद्द करण्याचा निरोप

आपला मसुदा असा आहे: «मॅडम, उद्या मी तासाला आलो नाही. डॉक्टरकडे गेलो. दुसरा वेळ सांग.»

‘उद्या’सोबत ‘आलो नाही’ हा भूतकाळ बसत नाही; मात्र नुसते ‘येणार नाही’ लिहिल्यास काळ बरोबर असूनही निर्णय ऐकवल्यासारखे वाटते, म्हणून ‘येऊ शकणार नाही’ लिहावे, म्हणजे नाइलाज आपोआप कळतो. ‘सांग’ हे एकेरी रूप शिक्षिकेला मुळीच चालणार नाही, आणि ठरवायची वेळ ‘दुसरी’ असते. आजाराचा तपशील मात्र दिला नाहीत, हे उत्तम.

«नमस्कार मॅडम, उद्या मला डॉक्टरांकडे जायचे असल्यामुळे मी तासाला येऊ शकणार नाही. ऐनवेळी कळवत असल्याबद्दल क्षमस्व. आपल्या सोयीची दुसरी वेळ कळवाल का?»