वाक्याच्या शेवटी ‘आहे’ नको, सापळा हवा

प्रश्न: आमच्या गावात शेतीशाळेत मी आणि आमच्या गटातल्या एक ताई मिळून गुलाबी बोंडअळीवर २५ मिनिटं बोलणार आहोत. सरावात दोघं एकदमच बोलायला लागतो, नाहीतर दोघंही गप्प. माईक एकच आहे. कुणी कधी थांबायचं आणि कुणी कधी उचलायचं हे स्क्रिप्टमध्ये कसं लिहायचं?

उत्तर:

मी परभणीकडचा. कापसाच्या गावांतून आमच्या अण्णांबरोबर जोडीनं बोलत आलो आहे. तुमची अडचण आम्हीही भोगली आहे, आणि तिचं मूळ बहुतेक वेळा इशाऱ्याच्या शब्दात असतं, म्हणजे ज्या शब्दावर एकानं थांबायचं आणि दुसऱ्यानं उचलायचं त्या शब्दात.

आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येतं. त्यामुळे जवळजवळ प्रत्येक वाक्य ‘आहे’, ‘असतं’, ‘पाहिजे’, ‘करायचं’ यावर संपतं. ताईंचा भाग ‘...लक्ष ठेवलं पाहिजे’ असा संपत असेल, तर त्या पाच मिनिटांत ‘पाहिजे’ पंधरा वेळा येऊन गेलेलं असतं. यातलं शेवटचं कोणतं, हे तुमच्या कानाला कसं कळणार? मग तुम्ही अंदाजानं उडी मारता, किंवा अजून काही येईल म्हणून थांबून राहता. म्हणून जिथे भाषण दुसऱ्याकडे जातं तिथलं शेवटचं वाक्य मोडा आणि ते एखाद्या वस्तूच्या नावावर किंवा आकड्यावर आणून सोडा. ‘हे सगळं आधी कळण्यासाठी कामगंध सापळा लावला पाहिजे’ असं लिहू नका. ‘हे सगळं आधी सांगतो तो हा कामगंध सापळा’ असं लिहा. ऐकणाऱ्या शेतकऱ्यालाही ते वाक्य जड वाटत नाही, आपण ओट्यावर बसून असंच बोलतो.

दुसरी अट पहिलीइतकीच कडक आहे. इशाऱ्याचा शब्द त्या माणसाच्या भागात आधी कुठेही येता कामा नये. मानवतजवळच्या एका गावात आम्ही इथेच फसलो. माझा इशारा होता ‘आठ पतंग’. पण त्याआधीच मी बोलून गेलो, ‘एका रात्री सापळ्यात आठ पतंग...’ पुढे मला म्हणायचं होतं, ‘दिसले म्हणून लगेच पंप पाठीवर घ्यायचा नाही, सलग तीन रात्री तेवढे यायला हवेत’. अण्णांनी ‘आठ पतंग’ ऐकलं आणि फवारणीचा भाग सुरू केला. मी थांबलो, तेही थांबले, मग दोघंही पुन्हा बोलायला लागलो. कार्यक्रम संपल्यावर एक शेतकरी जवळ येऊन म्हणाला, ‘म्हणजे आठ दिसले की फवारायचं ना?’ एका चुकीच्या उडीमुळे त्याची एक फवारणी वाया जाणार होती. तेव्हापासून स्क्रिप्ट झाली की मी इशाऱ्याचा शब्द लाल पेनानं गोल करतो आणि वरच्या सगळ्या ओळींत तो शोधतो. सापडला की वरचा शब्द बदलतो, इशारा तसाच ठेवतो.

कीर्तनात बुवा निरूपण करता करता धृपदावर आले की टाळकरी ते उचलतात. तिथे कुणी घड्याळ बघत नाही. ते शब्द ठरलेले आणि ओळखीचे असतात, म्हणून दहा जण एका श्वासात उचलू शकतात. तुम्हाला दोघांपुरतं तेवढंच करायचं आहे.

तुमच्या विषयावर एक जोड लिहून दाखवतो. ताईंचा भाग डोमकळीचा आणि तुमचा सापळ्याचा, असं धरलं आहे.

> ताई: पाकळ्या एकमेकींना चिकटून गुलाबाच्या कळीसारखं मिटलेलं फूल दिसलं, की ती डोमकळी. तोडायची आणि आतल्या अळीसकट नष्ट करायची. पण डोमकळी दिसली म्हणजे पतंग येऊन अंडी घालून गेलेला. तो येतोय हे आधी सांगतो, तो हा कामगंध सापळा.
> *(सापळा तुमच्या हातात. मग माईक. ताई एक पाऊल मागे.)*
> तुम्ही: *(सापळा वर धरून, एक श्वास)* एकरी दोन. पिकाच्या शेंड्यापेक्षा थोडे उंच.

यात तुमची पहिली ओळ ‘हो, ताईंनी सांगितलं तसं’ अशी नाही. ती ओळच दोघांना एकमेकांवर आणते, कारण ‘हो’ हा शब्द आपण समोरचा बोलत असतानाच म्हणून टाकतो. स्क्रिप्टमधून असे सगळे होकार काढा आणि ऐकताना फक्त मान हलवा. पहिली ओळ थेट नव्या माहितीनं सुरू झाली पाहिजे, आणि ती दोघांना शब्दशः पाठ हवी. ताईंची शेवटची दोन वाक्यं आणि तुमची पहिली दोन, एवढंच पाठ. मधला मजकूर मुद्द्यांवरून बोललात तरी चालेल. तिथं पाठ केलेलं शेतकऱ्याला लगेच ऐकू येतं, आणि मग तो ऐकणं सोडतो.

सापळा आधी आणि माईक नंतर, असा क्रम मुद्दाम ठेवला आहे. एका माईकला दोन हात एकदम लागले की खरखर होते आणि पहिला शब्द हवेत जातो. देणाऱ्यानं माईक खालून धरायचा, घेणाऱ्यानं वरून, आणि तो तोंडाजवळ येईपर्यंत दोघांनीही गप्प राहायचं. ही दोन-तीन सेकंदांची शांतता तुम्हाला फार लांब वाटेल. समोरच्यांचे डोळे तोवर सापळ्यावर असतात, त्यांना ती जाणवत नाही. लोक हसले किंवा कुणी मधेच प्रश्न विचारला, तर आवाज खाली बसेपर्यंत थांबा. इशारा मिळाला म्हणजे त्याच क्षणी सुरू करायलाच हवं असं नाही.

२५ मिनिटांत अशा चार जोडांपेक्षा जास्त करू नका. आम्ही एकदा नऊ केले होते, आणि लोक विषयापेक्षा माईक कुठे चाललाय तेच बघत बसले. चार जोड म्हणजे पाच भाग. ओळख तुमची, डोमकळी ताईंची, सापळा तुमचा, बोंडं फोडून पाहणं ताईंचं, आणि फवारणीचा निर्णय पुन्हा तुमचा. ताईंच्या दुसऱ्या भागाचा इशारा आकड्यावर आणता येईल: ‘कपाशीत फिरून वीस हिरवी बोंडं फोडली, तर फवारणीची पातळी म्हणजे अळीची दोन बोंडं.’ वीसात दोन म्हणजे दहा टक्के, तिथून तुमचा निर्णयाचा भाग सरळ सुरू होतो. फक्त ‘दोन बोंडं’ हे शब्द त्यांनी त्याआधी कुठे वापरलेले नसावेत.

सराव पूर्ण भाषणाचा रोज करत बसू नका. फक्त चार जोड घ्या: दोन वाक्यं, वस्तू, माईक, दोन वाक्यं, की पुढचा जोड. दहा मिनिटांत सगळे तीनदा होतात. मग एकमेकांकडे पाठ करून तेच करा. पाठमोरे असूनही उडी बरोबर पडली, तर इशारा कानावर चालतोय. चुकली तर तुम्ही आतापर्यंत एकमेकांचा चेहरा बघून निभावत होता. लोकांसमोर तुम्ही लोकांकडे बघणार, तेव्हा तो चेहरा दिसणार नाही.

इतकं करूनही कुणीतरी इशारा विसरेल. त्यासाठी आधीच एक नियम ठरवा: ज्याच्या हातात माईक, वाक्य त्याचं. दुसऱ्यानं शेजारून शब्द पुरवायचा नाही. ताई इशारा विसरून पुढे बोलत राहिल्या, तर तुम्ही फक्त सापळ्याकडे हात न्या. इशारा होऊनही तुम्ही हललाच नाहीत, तर ताईंनी एकदाच म्हणायचं, ‘दादा, हा सापळा सगळ्यांना दाखवा.’ ही ओळ स्क्रिप्टमध्ये त्या जोडाखाली लिहून ठेवा. गरज पडली नाही तर ती कुणाला ऐकूही जाणार नाही.